प्रकल्प नोंदी: किसलेला गूळ

२० जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून ही वही. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष २०१३ साली झालं, दुसरं राहिलं. लग्न, सासऱ्यांचं आजारपण, मग चिमी. यंदा दुसऱ्या वर्षाला पुन्हा प्रवेश घेतला आणि आता शेवटचं सत्र, म्हणजे प्रकल्प. माझ्या मार्गदर्शक मॅडम तेव्हा कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागं होत्या. प्रयोगशाळेत मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला ताई म्हणतात, आणि आम्हा दोघींनाही त्यात काही वाटत नाही.

विषय ठरला: कोल्हापुरी गुळातलं सल्फर डायऑक्साईड मोजणं. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांवर उकळत्या रसात हायड्रॉस टाकतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाईट. त्याचा अंश सल्फर डायऑक्साईडच्या रूपात गुळात मागं राहतो. अन्नसुरक्षेच्या नियमात गुळासाठी त्याची मर्यादा ७० पीपीएम आहे, म्हणजे एका किलोत ७० मिलिग्रॅम.

नऊ नमुने, प्रत्येकाच्या तीन चाचण्या, एकूण सत्तावीस. एका चाचणीला मांडणी आणि धुणं धरून पावणेतीन तास जातात. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे माझे प्रयोगशाळेचे दिवस, साडेदहा ते साडेचार. पाचला चिमीची शाळा सुटते. म्हणजे दिवसाला दोन चाचण्या, आठवड्याला सहा. प्रबंध १५ एप्रिलला द्यायचा आहे. हिशोब बसतो, फक्त मध्ये काही यायला नको.

२५ जानेवारी

करवीर आणि पन्हाळा तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर जाऊन गुळाचे सहा रवे, म्हणजे ढेपा, आणल्या. उरलेले तीन शाहूपुरीतल्या दुकानांतून घेतले. चिमी सोबत होती, कारण शनिवारी शाळा सकाळची असते आणि दुपारी तिला ठेवायचं कुठं?

चौथ्या गुऱ्हाळावर जास्त वेळ थांबलो. काहिलीत रस तापत होता. तो आंबटसर असतो म्हणून चुन्याची निवळी घालतात, मग कुटलेल्या भेंडीचं चिकट पाणी. त्या चिकटपणाला धरून मळी वर येते आणि गुळव्या ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढत राहतो. खाली जळव्या चुलाणात वाळलेली चिपाडं सारतो. मळी नीट निघाली तर गूळ आपसूक सोनेरी होतो. पण ते सावकाश काम आहे, आणि आदणामागं आदण उतरवायचं असतं.

गुऱ्हाळमालकांना मी सरळ विचारलं, हायड्रॉस टाकता का? त्यांनीही सरळ सांगितलं, "टाकतो की. न्हाई टाकलं तर सौद्यात रव्याकडं कोण बघत बी न्हाई. काळा म्हणत्यात." किती टाकता, यावर त्यांनी चिमूट दाखवली, मग जरा विचार करून मूठ दाखवली. हातानं टाकायची वस्तू, दर आदणाला वेगळी पडणार.

या रव्याला क-४ क्रमांक दिला. चिमीला त्यांनी द्रोणात काकवी दिली. ती म्हणाली, "मी इथंच राहतो."

३१ जानेवारी

उपकरण मांडलं. पद्धत मोनिअर-विल्यम्स. एक लिटरचा तीन तोंडांचा चंबू, त्यात गूळ आणि पाणी. एका तोंडातून नायट्रोजन येतो, दुसऱ्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं, तिसऱ्यावर उभा कंडेन्सर. आम्लात उकळलं की गुळातलं सल्फाईट वायू होऊन सुटतं. नायट्रोजन त्याला कंडेन्सरमधून पुढं ढकलतो आणि तो तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये जाऊन बुडबुडतो. तिथं त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. मग ते आम्ल सोडियम हायड्रॉक्साईडनं ब्युरेटवर मोजायचं. मिथाइल रेडचा लाल रंग जाऊन पिवळा आला की थांबायचं.

आज गुळाशिवायची कोरी चाचणी केली. ०.३ मिलिलिटर आलं. चांगलं आहे, भांडी आणि रसायनं स्वच्छ आहेत.

बारा वर्षांनी ब्युरेटची तोटी डाव्या हातात धरली. हाताला आठवत होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

पुढच्या आठवड्याची तयारी. ओला नारळ खोवला, वाटण केलं, पालेभाजी निवडून कापडात गुंडाळली, डाळी भिजत घातल्या. त्याच ओट्यावर शेवटी क-१ आणि क-२ किसले आणि स्टीलच्या डब्यांत भरून ठेवले. यासाठी नवीन किसणी आणली आहे, स्वयंपाकाची वापरलेली नाही. रविवारी तासभर दिला की आठवड्याचे तीनही दिवस सकाळची पंचवीस मिनिटं वाचतात. घर मी असंच चालवते, प्रकल्पही तसाच चालवायचा.

७ फेब्रुवारी

पहिला आठवडा पार पडला. क-२ बिनहायड्रॉसचा, तीनही वेळा १० च्या खाली. दहाच्या खाली या पद्धतीचा आकडा भरवशाचा नसतो, म्हणून वहीत "१० पेक्षा कमी" एवढंच लिहिलं. क-१: सोमवारी ४१, बुधवारी ३५, आज ३१. जरा फरक आहे. हात अजून बसतोय, असं मॅडमना सांगितलं.

१० फेब्रुवारी

क-४ ची पहिली चाचणी. पन्नास ग्रॅम गूळ. ब्युरेट १३.६ वर थांबलं, कोरीचे ०.३ वजा जाता १३.३. माझं हायड्रॉक्साईड नेमकं ०.०१ नाही, ०.००९८ नॉर्मल आहे. म्हणून ३२.०३ गुणिले १३.३ गुणिले ०.००९८, त्याला हजारानं गुणून पन्नासनं भागायचं. उत्तर ८३.५.

मर्यादेच्या वर. त्या माणसानं खरं सांगितलं होतं आणि आकडाही तेच सांगतोय. अजून दोनदा करून बघायचं.

१२ फेब्रुवारी

चिमीला ताप, १०२. गेले नाही. हे दुसऱ्या पाळीला शिरोलीच्या फौंड्रीत. दिवसभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या. रात्री दहानंतर पद्धतीच्या प्रकरणाची दोन पानं लिहिली, सकाळी वाचली आणि खोडली.

१४ फेब्रुवारी

ताप उतरला. सासूबाई म्हणाल्या, जा तू, मी आहे. क-४ ची दुसरी चाचणी केली. ब्युरेट ९.८.

५९.६.

पुन्हा हिशोब केला. तेवढाच. सोमवारी मर्यादेच्या वर, शुक्रवारी मर्यादेच्या आत, आणि गूळ एकच. दोन्हींची सरासरी ७१.६ येते. ती लिहिली असती तर कुणी विचारलं नसतं. "मर्यादेच्या जवळपास" असं वाक्यही सुचलं होतं. पण साठ आणि त्र्याऐंशीची सरासरी म्हणजे त्या गुळाचं काहीच नाही. एका माणसाच्या मालाबद्दल मी काहीतरी लिहिणार आहे, ते खरं पाहिजे.

आजची क-३ ची चाचणीसुद्धा सोमवारपेक्षा कमी आली आहे.

१७ फेब्रुवारी

आज नवा नमुना घेतला नाही. चूक कुठं आहे ते शोधायचं ठरवलं.

आधी हायड्रॉक्साईड. ते हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून कमजोर होतं. पण ते कमजोर झालं असतं तर ब्युरेटवर जास्त लागलं असतं, कमी नाही. तरी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर पुन्हा तपासलं. ०.००९८, होतं तेवढंच.

मग गळती. कुठल्या सांध्यातून वायू निसटत असेल तर आकडा खाली येणार. त्याची परीक्षा अशी: क-२ चा गूळ घ्यायचा, ज्यात काही नाही, त्यात मोजून सल्फाईट घालायचं आणि किती परत मिळतं ते बघायचं. शंभरातलं ९४ परत आलं. म्हणजे उपकरण धडधाकट आहे, आणि हातही.

मग राहिलं काय? मॅडम म्हणाल्या, "ताई, आज घरी जा. उद्या सुचेल."

१८ फेब्रुवारी, रात्र

सुचलं मला नाही, सासूबाईंना.

रात्री ओट्यावर क-४ चा अर्धा रवा आणि किसलेल्याचा डबा, दोन्ही काढून बसले होते. सासूबाई पाण्याचा तांब्या घ्यायला आल्या. त्यांचं माहेर भोगावतीकाठचं, लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं. त्यांनी सुरीच्या टोकानं रव्याचा कोपरा उडवला आणि ताजा तुकडा नाकाशी धरला. "ह्याला काडीपेटीचा वास हाय." मग डबा उघडून हुंगला. "आणि ह्याला न्हाई. किसून ठेवलास न्हवं? किसल्यावर वास कुठला ऱ्हातोय?"

मी दोन्ही हुंगले. ताज्या तुटीला पेटवलेल्या काडीसारखा बारीक, नाकात झोंबणारा वास होता. डब्यात नुसता गूळ.

हा वास म्हणजेच मी मोजतेय ती वस्तू. अख्ख्या रव्यात ती आत कोंडलेली असते. किसल्यावर सगळीकडून हवा लागते. काही वायू होऊन उडून जातं आणि काहीचं हवेनं सल्फेट होतं, जे या पद्धतीत धरलंच जात नाही. क-१ च्या ४१, ३५, ३१ मध्ये हे पहिल्याच आठवड्यात दिसत होतं. ते आकडे विखुरलेले नव्हते, क्रमानं उतरत होते. मी हात बसत नाही म्हणाले आणि पुढं गेले.

चूक माझ्या रविवारच्या तासात होती. भाजी निवडून ठेवता येते, हा गूळ नाही.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, कॉलेज बंद. चिमीला मिरवणूक दाखवली. तिला उचलून उभी होते, ढोल वाजत होते, आणि माझ्या डोक्यात शुक्रवारी काय करायचं ते.

२१ फेब्रुवारी

सकाळी क-४ च्या अख्ख्या भागाच्या मधोमधचा तुकडा तिथंच किसला आणि पंधरा मिनिटांत चंबूत टाकला. ८२.२.

दुपारी त्याच रव्याचा, पण ९ तारखेला किसून डब्यात ठेवलेला गूळ घेतला. ३७.७.

बारा दिवसांत निम्म्याहून जास्त गेलं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत राहिले. मला आनंद झाला होता, ते इथं लिहून ठेवते.

२४ फेब्रुवारी

मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "मग आधीच्या दहा?" मी म्हणाले, सोडून द्यायच्या. सोमवारच्यासुद्धा, कारण तेही आदल्या दिवशी किसलेले होते. त्या म्हणाल्या, "सोडा, पण खोडू नका. स्वतंत्र पान करा, किसल्याची तारीख आणि चाचणीची तारीख असे दोन रकाने टाका. परीक्षकांना दिसू दे."

आता नियम: रवा अख्खा, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून थंड ठेवायचा. बाहेरचा बोटभर थर सोडायचा. किसायचं प्रयोगशाळेतच, चंबू मांडून झाल्यावर.

पण वेळ? एकच चाचणी हातात आहे, सव्वीस बाकी. बुधवारी महाशिवरात्र, १४ मार्चला धुळवड, १९ ला रंगपंचमी, तिन्ही माझ्याच वारी. दिवसाला दोन धरून हे मार्चअखेरीस संपतं. मग लिहायला पंधरा दिवस, आणि आकडेमोड अजून सुरूही नाही.

रात्री जेवणानंतर घरी मांडलं. मी रडले वगैरे नाही, वही उघडून दाखवली. दिवसाला तीन चाचण्या करायच्या तर मला साडेआठला पोहोचायचं आणि साडेपाचला निघायचं. हे म्हणाले, "मी महिनाभर रात्रपाळी मागून घेतो. सकाळी येतो ते चिमीला सोडूनच झोपतो." सासूबाई म्हणाल्या, शाळेतून आणायचं माझ्याकडं. त्यांचे गुडघे दुखतात आणि शाळेचा चढ मोठा आहे. मी तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "रिक्षाला पैसं दे की मग." रोजचे पैसे काढून देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवायचं ठरलं.

कॉलेजातले प्रयोगशाळेचे मामा साडेआठला कुलूप काढायला तयार झाले. त्यांनी कारणही विचारलं नाही.

७ मार्च

चार दिवसांत बारा चाचण्या. आता तीनही वेळचे आकडे एकमेकांजवळ बसतायत. क-४: ८२.२, ८०.९, ८३.४. पाठ कणकण करते, पण हे आकडे बघितले की बरं वाटतं.

दीड तास उकळी सुरू असताना बसून राहावं लागतं, चंबू सोडून जाता येत नाही. त्या वेळात मी लिहिते. सगळं दुसरं प्रकरण त्या स्टुलावर झालं.

१२ मार्च

दुपारची कोरी चाचणी ०.९. तीनपट. पुन्हा केली, ०.८.

यावेळी घाबरले नाही. सकाळची ०.३ होती, म्हणजे दुपारीच काहीतरी होतंय. कंडेन्सरला हात लावला तर कोमट. मार्च लागला, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी तापतं. कंडेन्सर गार नसला की चंबूतलं हायड्रोक्लोरिक आम्ल वाफेबरोबर थोडं पलीकडं जातं आणि ब्युरेटला ते सल्फर डायऑक्साईडपासून आलेलंच वाटतं. थंडीत आकडा खाली ओढणारी चूक झाली, उन्हाळ्यात वर नेणारी.

मामांनी उपाय सांगितला. बादलीत बर्फ, त्यात कूलरचा छोटा पंप, पंपाची नळी कंडेन्सरला, परतीचं पाणी पुन्हा बादलीत. बर्फ कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून. संध्याकाळी कोरी ०.३. आजच्या दुपारच्या दोन चाचण्या बाद.

१७ मार्च

सकाळी शाळेतून फोन, चिमी मैदानात पडली, हनुवटीला टाके घालायला लागणार. चंबू तेव्हा नुकताच उकळायला लागला होता. गॅस बंद केला, नायट्रोजन बंद केला, निघाले. तीन टाके. ती माझ्या मांडीवर होती आणि डॉक्टरांना सांगत होती, "आईचा गूळ राहिला."

ती चाचणी क-७ ची तिसरी होती. दुकानातून आणलेला तो रवा लहान होता, आता पन्नास ग्रॅम आतला भाग उरलेला नाही. क-७ दोनच.

२६ मार्च

संपलं. सव्वीस आकडे. त्यात क-४ चे तीन.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंबाबरोबर वाटायला क-२ चा उरलेला गूळ घेतला. दुपारी सगळे झोपल्यावर तक्ता चारचा मसुदा.

९ एप्रिल

लिहिताना अडलेली जागा: किसलेल्या गुळाचं पान कुठं घालायचं? मला शेवटी परिशिष्टात घालायचं होतं. मॅडमचं मत, पद्धतीच्या प्रकरणातच, नमुना कसा घेतला याच्याखाली, कारण पुढं कुणी हेच काम करेल तेव्हा ते आधी तिथं बघेल. पटलं. मात्र त्यावरून फार मोठं विधान केलं नाही. एकच रवा, एकच डबा, मोजके दिवस. किती वेगानं कमी होतं ते मला सांगता येणार नाही. किसून ठेवू नये एवढं सांगता येतं.

१५ एप्रिल

तीन प्रती बांधून दिल्या. पोचपावती वहीला टाचली.

१७ एप्रिल

तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षकांनी तक्ता चार उघडला आणि बोट नेमकं क-७ वर ठेवलं. "इथं दोनच का?" मी म्हणाले, तिसरी चालू असताना मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं, ती चाचणी अर्ध्यात बंद केली, नमुना उरला नव्हता. तळटीपेत तसंच आहे, त्यांनी वाचलं. मग मागं गेले, किसलेल्या गुळाच्या पानावर, आणि पुढची वीस मिनिटं त्यावरच बोललो.

२० एप्रिल, रविवार

चौथ्या गुऱ्हाळावर गेले. चिमी, सासूबाई, हे, सगळेच. हंगाम संपत आलेला, चिपाडांचा ढीग खाली बसलेला. ज्याचा गूळ त्याला आकडा सांगायचा असं जानेवारीतच ठरवलं होतं.

सांगितलं. तुमचा ८२, मर्यादा ७०. मालक काही वेळ काहिलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मूठ नको, चिमूटच." मी म्हणाले, चिमटीचा आकडा मी मोजलेला नाही, त्यामुळं तसं सांगता येणार नाही. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "भेंडी वाढवा की. आमच्यात दोनदा मळी काढायचे." त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं, भेंडी कुठली, साल किती कुटायची, मळी फुटायच्या आधी विस्तव किती ठेवायचा.

निघताना बघितलं, तर भिंतीवर जिथं आदणांचा हिशोब खडूनं मांडलेला असतो, तिथं एका बाजूला त्यांनी ८२ लिहिलं होतं आणि त्याखाली रेघ ओढून जागा मोकळी सोडली होती. चिमीनं खडू मागून घेतला आणि शेजारी तारीख घातली.